‘शुगर उतरली की या’: एका सल्ल्यामागचा इतिहास

सांगली, मिरज, तासगाव, कुठेही जा. दात दाखवायला गेलेल्या मधुमेही माणसाने हे वाक्य कधी ना कधी ऐकलेलं असतं: ‘शुगर फार आहे, उतरली की या, मग बघू.’ हिरड्यांवर उपचार करणारी म्हणून मीही सुरुवातीची काही वर्षं हेच सांगत होते. हा सल्ला आला कुठून, त्यातला किती भाग आजही खरा आहे आणि किती भागाने रुग्णांचं नुकसान होतं, हे सांगण्यासाठी हे टिपण.

मधुमेहाचा आणि तोंडाचा संबंध आपल्याकडे जुनाच माहीत होता. माधवनिदानात प्रमेहाच्या पूर्वलक्षणांमध्ये दातांवर मळ साठणं सांगितलं आहे. पण दात काढायची भीती पुढच्या काळातली. १९२२ साली टोरांटोत माणसाला पहिल्यांदा इन्सुलिन दिलं गेलं, आणि प्रतिजैविकं दवाखान्यांत पोचली ती १९४० च्या दशकात. त्याआधी मधुमेही माणसाचा दात काढणं म्हणजे खरोखर जिवाशी खेळ होता. जखम चिघळायची, जंतुसंसर्ग पसरायचा आणि त्याच्यामागून बेशुद्धी यायची.

त्यात साखर मोजायची सोय तोकडी. जुन्या दवाखान्यांत परीक्षानळीत बेनेडिक्टचं द्रावण घ्यायचे, लघवीचे थेंब टाकून स्पिरिटच्या दिव्यावर तापवायचे आणि रंग बघायचे: निळा म्हणजे नाही, विटकरी म्हणजे भरपूर. रक्तातली साखर साधारण १८० च्या वर गेल्याशिवाय ती लघवीत उतरतच नाही, म्हणजे हा अंदाजही ढोबळच. अशा अंधारात ‘आधी साखर, मग दात’ म्हणणारा डॉक्टर शहाणाच म्हणायला हवा.

मग दोन गोष्टी बदलल्या. पहिली मोजणीची. १९६८ च्या सुमारास तेहरानमध्ये सॅम्युअल राहबर यांना मधुमेहींच्या हिमोग्लोबिनमध्ये वेगळा अंश आढळला आणि १९७६ पासून तो नियंत्रण मोजायला वापरता येईल असं दिसू लागलं. आपण जिला ‘तीन महिन्यांची शुगर’ म्हणतो, ती एचबीए१सी तपासणी तीच. दुसरी गोष्ट अ‍ॅरिझोनातल्या पिमा या मूळ रहिवासी जमातीच्या दीर्घ अभ्यासांतून आली. या समाजात मधुमेहाचं प्रमाण फार मोठं, त्यामुळे एकाच वस्तीत मधुमेही आणि बिनमधुमेही यांच्या हिरड्यांची वर्षानुवर्षं तुलना करता आली. मधुमेहींमध्ये हिरड्यांचा गंभीर आजार नव्याने होण्याचं प्रमाण सुमारे अडीच पट निघालं. १९९३ मध्ये हॅराल्ड लो यांनी हिरड्यांच्या आजाराला मधुमेहाची सहावी गुंतागुंत म्हटलं, म्हणजे डोळे, मूत्रपिंड, नसा आणि रक्तवाहिन्यांच्या आजारांच्या रांगेत त्याला बसवलं.

हे असं का होतं, ते हिरडीतच दिसतं. दात हाडाला बांधून ठेवणारे तंतू कोलॅजन या प्रथिनाचे असतात आणि ते सतत झिजत, नव्याने विणले जात असतात. साखर चढलेली राहिली की ती या तंतूंना चिकटून बसते, त्यामुळे नवी वीण नीट होत नाही. त्याच वेळी पांढऱ्या पेशी जंतू मारायच्या कामात मंदावतात, पण दाह पेटवणारी रसायनं मात्र जास्त सोडतात. जंतू तिथेच राहतात आणि हाड झिजत जातं. म्हणून तोंडात एकाच वेळी दोन-तीन ठिकाणी हिरडी फुगून पू येत असेल, तर मी आधी ग्लुकोमीटर काढते. मधुमेह आहे हे काही जणांना तेव्हाच पहिल्यांदा कळतं.

उलटी दिशा मान्य व्हायला जास्त वेळ लागला. खरं तर १९६० मध्येच विल्यम्स आणि मेहान यांनी नऊ मधुमेही रुग्णांच्या हिरड्यांचा संसर्ग काढून टाकला आणि त्यातल्या सात जणांची इन्सुलिनची गरज कमी झाल्याचं नोंदवलं होतं. नऊ माणसांवर कोण विश्वास ठेवणार? पुढे कारण उलगडलं. पायोरियात हिरडी दातापासून सुटून दाताभोवती खिसे पडतात आणि त्यांची आतली कातडी सोललेली असते. ती सगळी मिळून ८ ते २० चौरस सेंटीमीटरची उघडी जखम भरते, असा एक अंदाज आहे. तळपायाला एवढी जखम असती तर घरातल्यांनी त्याच दिवशी दवाखाना गाठला असता. या जखमेतून दाहाची रसायनं रक्तात जातात आणि इन्सुलिनचं काम अडवतात. साखर हिरडी बिघडवते आणि बिघडलेली हिरडी साखर चढवते.

तरी वाद मिटला नाही. २०१३ मध्ये अमेरिकेत पाचशेहून जास्त रुग्णांवर झालेल्या चाचणीत हिरड्यांच्या साफसफाईने एचबीए१सी हललाच नाही. टीकाकारांचं म्हणणं, आणि ते मला पटतं, की त्या उपचारांनंतरही हिरड्या पुरत्या बऱ्या झालेल्या नव्हत्या. २०१८ मध्ये लंडनच्या चाचणीत उपचार जोमाने आणि वर्षभर केले, तेव्हा एचबीए१सी दुसऱ्या गटापेक्षा ०.६ टक्क्याने कमी राहिला. वैद्यकीय चाचण्यांचे एकत्रित आढावे घेणाऱ्या कॉक्रेन संस्थेने २०२२ मध्ये ३५ चाचण्या एकत्र केल्या. तीन-चार महिन्यांनी सरासरी घट ०.४३ टक्क्याची निघाली. एखादी जादा गोळी सुरू केल्यावर मिळते त्याच्या जवळपासची ही घट. त्याहून जास्त वचन देणाऱ्यावर विश्वास ठेवू नये.

आता एक उदाहरण. तासगाव तालुक्यातल्या एक काकू, वय ५४, द्राक्षबाग घरचीच. जूनमध्ये आल्या तेव्हा एचबीए१सी १०.६, त्या क्षणाची साखर २८६. खालची डावी दाढ हलत होती, हिरडीतून पू येत होता, आणखी दोन ठिकाणी गाठी होत्या. तीन महिन्यांपूर्वी एका दवाखान्यात त्यांना ‘शुगर दोनशेच्या आत आणून या’ म्हणून परत पाठवलं होतं. त्यांनी प्रामाणिकपणे प्रयत्न केले होते. पण डावीकडे चावता येत नाही म्हणून भाकरी सुटली आणि मऊ भात, चहात बुडवलेली बिस्किटं सुरू झाली. हिरडी ठणकते म्हणून मशेरी दिवसातून चार वेळा. तोंडात पू, ताटात भात. साखर उतरणार कशी? ‘डॉक्टर, मी खातच नाही काही, तरी शुगर हटत नाही,’ असं त्या म्हणाल्या आणि रडल्या.

पहिल्या दिवशी आधी हे पाहिलं, की प्रकरण आपल्या खुर्चीतलं आहे की रुग्णालयातलं. ताप नाही, तोंड तीन बोटं उघडतं, घास गिळता येतो, जिभेखालचा भाग मऊ आहे, लघवीत कीटोन नाहीत. जबड्याखाली दोन्ही बाजूंनी टणक सूज असती, जीभ वर उचलली गेली असती किंवा तोंड उघडत नसतं, तर त्यांना तसंच मिरजेला मोठ्या रुग्णालयात पाठवलं असतं, कारण तिथून श्वास अडायला फार वेळ लागत नाही. वरच्या जबड्याचे दातही नीट तपासले. २०२१ च्या काळ्या बुरशीच्या साथीनंतर ती सवयच झाली आहे: पायोरिया नसताना वरचे दात एकदम हलू लागणं, गाल बधिर होणं, टाळूवर काळा डाग, यांतलं काही दिसलं तर एक दिवसही थांबायचं नसतं.

काकूंना यांपैकी काही नव्हतं. साखर २८६ असतानाच जागा बधिर करून खिशातून पू काढला आणि सलाइनने धुतलं. जुना नियम मोडला तो इथे. साखर फार असताना टाळायच्या त्या ठरवून करायच्या गोष्टी, म्हणजे इम्प्लांट किंवा हिरडीची मोठी शस्त्रक्रिया. पू साखरेसाठी थांबवून ठेवायचा नसतो, कारण तोच साखर वर धरून असतो. नुसत्या प्रतिजैविकाच्या गोळ्यांनीही भागत नाही. सूज उतरते, पू आतच राहतो आणि महिन्याभरात गाठ परत येते.

त्याच दुपारी त्यांच्या फिजिशियनना फोन केला. त्यांनी रात्रीचं इन्सुलिन सुरू केलं. संसर्ग आहे तोवर इन्सुलिन जास्त लागतं. पू निघून गेल्यावर तोच डोस जास्त होऊ शकतो आणि साखर एकदम खाली येते. म्हणून पहिले दहा दिवस घरी रोज सकाळ-संध्याकाळ तपासायला सांगितलं. सहाव्या दिवशी उपाशीपोटी ८८ आली आणि डोस कमी करावा लागला. हा फोन झाला नसता, तर दातांच्या उपचाराने साखर सुधारली आणि काकू मात्र चक्कर येऊन पडल्या, असं झालं असतं.

आठवड्याने दाढ काढली. वेळ सकाळी दहाची, नाश्ता करून, नेहमीच्या गोळ्या घेऊन. उपाशी या असं कधीही सांगू नये. साखर १९२ होती. काकू ग्लिमेपिराइड या साखर उतरवणाऱ्या गोळीवर, आणि खालचा जबडा दोन-तीन तास बधिर राहतो. तेवढ्या वेळात जेवण चुकलं तर साखर घसरते, म्हणून सोबत ताक आणि पातळ खिचडी आणायला आधीच सांगितलं होतं. खुर्चीत घाम आला, हात थरथरले, बोलणं असंबद्ध झालं, तर हातातलं काम सोडून आधी ग्लुकोमीटर. सत्तरच्या खाली आकडा आला तर १५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून द्यायचं. अशी भीतीची घडी दातांच्या खुर्चीत येते ती बहुधा साखर कमी झाल्याने.

मग तीन बैठकांमध्ये बधिर करून हिरडीखालची सफाई. ‘दात साफ केले की हलायला लागतात’ ही आपल्याकडची पक्की समजूत. हाड आधीच गेलेलं असतं आणि किटणाने दात लिंपून धरलेले असतात; किटण निघालं की खरी स्थिती दिसते. हे आधी सांगितलं नाही तर दुसऱ्या बैठकीला माणूस येत नाही. काकू आल्या, मशेरीही सुटली. सात-आठ मिलिमीटरचे खिसे दोन महिन्यांत चार-पाचवर आले.

ऑक्टोबरच्या सुरुवातीला एचबीए१सी ८.३ आला. १०.६ वरून ८.३, हे सगळं हिरड्यांमुळे झालं असं मी म्हणणार नाही. मोठा वाटा इन्सुलिनचा, काही पुन्हा सुरू झालेल्या भाकरीचा, आणि सरासरी पाहिली तर हिरड्यांचा अर्ध्या टक्क्याच्या आसपास. पण पू निघाल्यावाचून ती भाकरी सुरू झाली नसती.

पुढची तपासणी जानेवारीत होती. द्राक्षाचा माल उतरायच्या धांदलीत काकू आल्या नाहीत, आल्या त्या मार्चअखेरीस. मागच्या दोन दाढांशी पुन्हा रक्त, खिसा सहा मिलिमीटर, एचबीए१सी ८.९. त्याच दिवशी त्या दोन जागा साफ केल्या, फिजिशियनना चिठ्ठी दिली आणि पुढची तारीख बागेची खरड छाटणी उरकल्यावरची, त्यांच्या सुनेला विचारून ठरवली.