दोघांचा नवा व्यवसाय: मालकी, एलएलपी की प्रायव्हेट लिमिटेड?

दोघे जण मिळून व्यवसाय सुरू करताना आमच्याकडे सल्ल्यासाठी येतात, तेव्हा बहुतेक वेळा काम सुरू होऊन सहा-आठ महिने झालेले असतात. बँकेतले चालू खाते, जीएसटी नोंदणी आणि पहिल्या ग्राहकाशी झालेला करार हे सारे दोघांपैकी एकाच्या नावावर असते, आणि दुसऱ्याचा वाटा तोंडी ठरलेला असतो. हे माहितीपत्रक अशा दोघांसाठी आहे. खालचे उदाहरण आम्ही समजावण्यासाठी रचलेले आहे. आकडे आर्थिक वर्ष 2025-26 च्या करदरांनुसार आहेत.

समजा, सांगलीतल्या दोन मैत्रिणींनी दूध संकलन केंद्रांसाठी हिशेबाचे सॉफ्टवेअर तयार केले. दुधाचे माप, फॅट, दर आणि दर दहा दिवसांचे बिल त्यातून निघते. एकीने प्रोग्राम लिहिला, दुसरीने केंद्रे फिरून ग्राहक मिळवले. नोंदणी करायला सोपे म्हणून विक्री पाहणारीच्या पॅनवर प्रोप्रायटरशिप सुरू झाली आणि दर महिन्याला उरेल त्याचा अर्धा भाग दुसरीच्या खात्यात जाऊ लागला.

प्रोप्रायटरशिप म्हणजे कायद्याच्या दृष्टीने वेगळी संस्था नव्हेच. मालक आणि व्यवसाय एकच असतात. पॅन मालकाचे, कर्ज मालकाचे, दावाही मालकावरच. त्यामुळे तिला दोन मालक असू शकत नाहीत. दोघींनी नफा वाटून घ्यायचे ठरवून एकत्र धंदा केला, तर 1932 च्या भागीदारी कायद्यानुसार ती भागीदारी होते, मग कागद असो वा नसो. ही भागीदारी नोंदलेली नसेल तर दुहेरी नुकसान होते. ग्राहकाने पैसे बुडवले तर फर्मला करारावरून त्याच्यावर दावा लावता येत नाही, आणि भागीदारी मोडून हिशेब मागण्यापलीकडे एका भागीदाराला दुसऱ्यावरही करारातल्या हक्कांसाठी दावा करता येत नाही. जबाबदारी मात्र दोघींची अमर्याद, म्हणजे धंद्याच्या देण्यासाठी घरापर्यंत हात पोहोचू शकतो.

याहून कमी लक्षात येणारी गोष्ट सॉफ्टवेअरच्या मालकीची आहे. 1957 च्या कॉपीराइट कायद्यानुसार कामाचा पहिला मालक तो लिहिणारा असतो. नोकरीत असताना, नोकरीचा भाग म्हणून लिहिले असेल तरच तो हक्क नोकरी देणाऱ्याकडे जातो. प्रोग्राम लिहिणारी मैत्रीण इथे नोकर नाही. म्हणजे ज्या सॉफ्टवेअरचे पैसे प्रोप्रायटरच्या खात्यात येत आहेत, ते सॉफ्टवेअरच तिचे नाही. हक्क लेखी आणि सहीनिशी हस्तांतरित करावा लागतो. त्या लेखात मुदत लिहिली नाही तर ती पाच वर्षे धरली जाते आणि प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. पुढे कंपनी केली किंवा एलएलपी, म्हणजे मर्यादित दायित्वाची भागीदारी, केली तरी हा कागद लागतोच, कारण संस्था जन्माला येण्याआधी लिहिलेला प्रोग्राम आपोआप संस्थेचा होत नाही. एकत्र येणाऱ्या दोघांनी सर्वांत आधी सही करावी असा कागद कोणता, असे विचारले तर आम्ही याच कागदाचे नाव घेतो.

आता कर पाहू. वर्षाचा नफा, दोघींना काहीही देण्याआधी, 18 लाख रुपये आहे आणि दोघींना दुसरे उत्पन्न नाही असे धरू. प्रोप्रायटरशिपमध्ये तो सगळा एकीच्या नावावर दाखवला, तर नव्या करपद्धतीत तिला उपकरासह 1,66,400 रुपये कर येतो. तिने दुसरीला 9 लाख व्यावसायिक फी म्हणून दिले, तर दोघींचे उत्पन्न 12 लाखांच्या आत राहते आणि सवलतीमुळे कर शून्य होतो. हा मार्ग अनेकांना आकर्षक वाटतो. पण फी घेणारी ही बाहेरची सेवा देणारी ठरते, मालकीण नव्हे. कर वाचवण्यासाठी कागदावर जे लिहिले, तेच पुढे वाद झाल्यावर तिच्या विरोधात पुरावा म्हणून उभे राहते.

एलएलपीमध्ये दोघी भागीदार असतात आणि एलएलपी स्वतः करदाती असते. भागीदारांना दिलेला मोबदला खर्च म्हणून मान्य होतो, पण त्याला मर्यादा आहे: नफ्याच्या पहिल्या 6 लाखांवर 90 टक्के किंवा 3 लाख यांपैकी जास्त, आणि त्यापुढच्या नफ्यावर 60 टक्के. आपल्या उदाहरणात हे 5.40 लाख अधिक 7.20 लाख, म्हणजे 12.60 लाख होतात; प्रत्येकीला 6.30 लाख मिळतात आणि त्यावर तिला कर येत नाही. उरलेल्या 5.40 लाखांवर एलएलपीला 30 टक्के व उपकर मिळून 1,68,480 रुपये भरावे लागतात. त्यानंतर राहिलेला नफा दोघींनी वाटून घेतला तर त्यावर पुन्हा कर नाही.

प्रायव्हेट कंपनीत दोघी संचालक म्हणून पगार घेऊ शकतात आणि प्रायव्हेट कंपनीच्या संचालकांच्या पगाराला कंपनी कायद्यात टक्केवारीची मर्यादा नाही. कामाला साजेसा म्हणून प्रत्येकीला 9 लाख पगार दिला तर कंपनीकडे नफा उरत नाही आणि दोघींनाही आयकर लागत नाही. मात्र कंपनीत पैसा ठेवायचा असेल, तर 22 टक्क्यांचा पर्याय निवडूनही अधिभार व उपकर धरून 25.168 टक्के कर जातो, आणि तो पैसा पुढे लाभांश म्हणून काढला की भागधारकाला त्यावर पुन्हा कर द्यावा लागतो. म्हणून नफा पगाराच्या रूपाने घरी नेणार की धंद्यात ठेवून नंतर काढणार, हे आधी ठरवावे. नफा बराच मोठा असून तो काढून घ्यायचा असेल, तेव्हा एलएलपीचा एकदाच लागणारा कर सोयीचा पडू शकतो. आपल्या उदाहरणाएवढ्या नफ्यावर कंपनीचे गणित सरस ठरते.

या फरकातून हिशेब तपासणीचा खर्च मात्र वजा करायला हवा. कंपनीला पहिल्या वर्षापासून, उलाढाल एक रुपयाही नसली तरी, ऑडिट सक्तीचे आहे. एलएलपीची उलाढाल 40 लाखांच्या किंवा भांडवल 25 लाखांच्या वर गेले की ऑडिट लागते असे आम्ही धरून चालतो. एलएलपीचे वर्षाचे दोन ठळक फॉर्म आहेत: मार्चअखेरीनंतर 30 मेपर्यंत फॉर्म 11 आणि 30 ऑक्टोबरपर्यंत फॉर्म 8. कंपनीला वार्षिक सभा, संचालक मंडळाच्या सभांची इतिवृत्ते, हिशेबांचा फॉर्म AOC-4 आणि वार्षिक विवरणाचा फॉर्म MGT-7A हे सारे सांभाळावे लागते. शेवटचे दोन फॉर्म चुकले तर प्रत्येकी दिवसाला 100 रुपये जादा शुल्क चढत जाते. धंदा थांबला म्हणून हे थांबत नाही. बंद पडलेल्या, पण रीतसर बंद न केलेल्या कंपन्यांची थकलेली शुल्के घेऊन लोक येतात, तेव्हा आम्हाला खरोखर वाईट वाटते.

स्थापना करताना दोन ठिकाणी चूक होते, एक एलएलपीत आणि एक कंपनीत. FiLLiP फॉर्म मंजूर होऊन प्रमाणपत्र आले की काम झाले असे एलएलपीवाल्यांना वाटते. वास्तविक एलएलपी करारनामा 30 दिवसांत फॉर्म 3 सोबत दाखल करायचा असतो. एखाद्या मुद्द्यावर करारनामा नसेल, तर त्या मुद्द्यापुरती कायद्याची पहिली अनुसूची लागू होते, आणि ती म्हणते की भांडवल, नफा व तोटा सर्वांचा समान आणि कामाबद्दल कोणालाही मोबदला नाही. म्हणजे एकीने नोकरी सोडून पूर्ण वेळ दिला आणि दुसरीने संध्याकाळी दोन तास, तरी वाटा सारखाच. शिवाय मोबदल्याची तरतूद करारनाम्यात नसेल तर वरचे 12.60 लाख खर्च म्हणून मान्यच होणार नाहीत.

कंपनीतली चूक भागभांडवलाच्या रकमेची. SPICe+ फॉर्ममध्ये दोघींनी 10 रुपयांचे पाच-पाच हजार भाग घेतो असे लिहिले, म्हणजे प्रत्येकीचे 50,000 रुपये झाले. ही रक्कम प्रत्येकीने स्वतःच्या खात्यातून कंपनीच्या खात्यात भरायची आणि स्थापनेपासून 180 दिवसांत धंदा सुरू करण्याच्या घोषणेचा फॉर्म INC-20A दाखल करायचा. तोवर कंपनीला धंदा सुरू करता येत नाही की कर्ज घेता येत नाही. एकीने दोघींचे पैसे भरले किंवा रोख दिले, की बँकेच्या विवरणात दुसरीचे नाव दिसत नाही आणि फॉर्म अडकतो. मुदत चुकल्यास कंपनीला 50,000 रुपये आणि संचालकांना दिवसाला 1,000 प्रमाणे, कमाल एक लाखापर्यंत, दंड होऊ शकतो.

एलएलपीत आणि कंपनीत धंद्याचे देणे एरवी संस्थेपुरते राहते, घरापर्यंत पोहोचत नाही. या मर्यादित दायित्वाविषयी एवढे स्पष्ट सांगायला हवे की बँक कर्ज देताना बहुधा संचालकांची किंवा भागीदारांची वैयक्तिक हमी मागते आणि त्या कर्जापुरते दायित्व पुन्हा वैयक्तिक होते. मर्यादेचा उपयोग पुरवठादाराचे देणे, ग्राहकाचा नुकसानभरपाईचा दावा अशा ठिकाणी होतो. फसवणूक असेल तर तिथेही नाही.

गुंतवणूकदाराचा प्रश्न आला की निवड बरीचशी आपोआप होते. एलएलपीला भाग विकता येत नाहीत. पैसा देणाऱ्याला भागीदार करून घ्यावे लागते, आणि कर्मचाऱ्यांना भाग देण्याची योजना तिथे राबवता येत नाही. दोन वर्षांच्या आत बाहेरचे भांडवल हवे असेल, तर एलएलपी करून नंतर रूपांतर करण्यापेक्षा सुरुवातीलाच कंपनी करावी, असे आमचे मत आहे. तसा विचार नसेल, काम सेवेचे असेल आणि दोघांचा एकमेकांवर विश्वास असेल, तर एलएलपी पुरेशी आहे. स्टार्टअप इंडियाची मान्यता दोन्हींना मिळू शकते; प्रोप्रायटरशिपला ती मिळत नाही.

कंपनीत दोघांचे भाग 50-50 असले तर मतभेदात कोणताच ठराव होत नाही. त्यासाठी आपसातल्या करारात दोन गोष्टी लिहून घ्याव्यात: अडल्यावर निर्णय कोणाचा, आणि एकीने मध्येच काम सोडले तर तिच्या भागांचे काय. भाग चार वर्षांत क्रमाने पक्के होतील आणि पहिल्या वर्षाच्या आत सोडल्यास सर्व भाग ठरलेल्या किमतीला परत द्यावे लागतील, अशी अट रूढ आहे. एलएलपीत करारनामा गप्प असेल, तर भागीदाराला 30 दिवसांची नोटीस देऊन बाहेर पडता येते, आणि राहिलेल्या एकटीने सहा महिन्यांहून जास्त काळ तसाच धंदा चालवला तर त्या काळातल्या देण्यांची ती वैयक्तिकरीत्या जबाबदार ठरते.

पहिल्या भेटीला येताना दोघांचेही पॅन व आधार, कार्यालयाच्या जागेचे वीजबिल आणि जागामालकाचे संमतीपत्र आणावे. व्यवसाय आधीच एकाच्या नावावर सुरू झाला असेल, तर चालू खात्याचे विवरण, जीएसटी प्रमाणपत्र आणि ग्राहकांशी झालेले करारही सोबत असू द्यावेत, कारण नवी संस्था झाल्यावर यांतले काय नव्याने करायचे आणि काय हस्तांतरित करायचे, हे ते कागद पाहूनच सांगता येते.