मुख्याध्यापकांचा परिचय: तीन काळांचे तीन थर

स्नेहसंमेलनाच्या पुस्तिकेत मुख्याध्यापकांचा फोटो असतो आणि त्याखाली शे-दीडशे शब्दांचा परिचय. आधी पदव्या आणि अनुभव, मग ‘पालकांच्या विश्वासास पात्र’, शेवटी ‘मनमिळाऊ आणि प्रेमळ’. हा साचा इतका ओळखीचा आहे की हे तीन भाग वेगवेगळ्या काळांत पुढे आले, हे लक्षातच येत नाही.

इंग्रजीतला ‘प्रिन्सिपल’ मुळात विशेषण होता: प्रिन्सिपल टीचर, म्हणजे शिक्षकांमधला मुख्य. बोस्टनच्या क्विन्सी शाळेत १८४७-४८ च्या सुमारास इयत्तांप्रमाणे वेगळ्या खोल्या आणि प्रत्येक खोलीला वेगळा शिक्षक अशी रचना झाली आणि त्या सगळ्यांवर जॉन फिलब्रिक हे प्रमुख आले. अशा शाळा वाढल्या, प्रमुखाचे शिकवणे कमी होत गेले आणि शब्दातला ‘टीचर’ही गळाला. मराठीने तो सोडला नाही. ‘मुख्याध्यापक’मध्ये अध्यापक आहे, ‘प्राचार्य’मध्ये आचार्य. परिचय मात्र बहुतेक वेळा कारभाऱ्याचाच लिहिला जातो: पदे, वर्षे, समित्या.

शैक्षणिक नेतृत्व हा विषय पुन्हा वर आला तो १९७०-८० च्या दशकांत. अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ रोनाल्ड एडमंड्स यांनी १९७९ मध्ये गरीब वस्त्यांतल्या, तरीही चांगले शिकवणाऱ्या शाळांबद्दल लिहिले. त्यांत खंबीर प्रमुख, मुलांकडून मोठ्या अपेक्षा आणि प्रगतीवर सतत नजर या गोष्टी त्यांना दिसल्या. म्हणजे प्रमुखाने वर्गात काय घडते ते पाहायचे. नुसत्या पदव्यांवरून हे कळत नाही.

आपुलकीची कथा मानसशास्त्रातून येते आणि मला तीच सगळ्यात रंजक वाटते. सॉलोमन अॅश यांनी १९४६ मध्ये लोकांना एका माणसाचे सात गुण वाचून दाखवले: बुद्धिमान, कुशल, कष्टाळू वगैरे. एका गटाच्या यादीत मधला शब्द ‘प्रेमळ’ होता, दुसऱ्याच्या यादीत ‘थंड’. बाकी सहा तेच. पहिल्या गटातल्या दहांपैकी नऊ जणांना तो माणूस उदार वाटला, दुसऱ्यात जेमतेम एकाला. पण प्रामाणिकपणा आणि भरवशाच्या बाबतीत दोन्ही गटांची मते जवळजवळ सारखीच राहिली. त्याहून मजेची गोष्ट अशी की ‘दुबळा’, ‘उथळ’ अशा शब्दांच्या संगतीत तोच ‘प्रेमळ’ फिका पडला. थोडक्यात, प्रेमळ म्हटल्याने विश्वास मिळत नाही आणि भोवती कर्तबगारी दिसली नाही तर प्रेमळपणाचेही वजन राहत नाही.

मग विश्वास कशाने बसतो? अँथनी ब्रिक आणि बार्बरा श्नायडर यांनी शिकागोच्या प्राथमिक शाळांचा १९९० च्या दशकात अभ्यास केला आणि २००२ मध्ये निष्कर्ष मांडले. माणसे चार गोष्टी जोखतात: आदर, काम येते का, बोलल्याप्रमाणे वागतो का, आणि नेमून दिलेल्या कामापलीकडे माझ्यासाठी काही करतो का. चौथी गोष्ट म्हणजेच आपुलकी, पण इथे ती स्वभाव नसून कृती आहे. जिथे विश्वास भक्कम होता, तिथे गणित-वाचनात सुधारणा होण्याची शक्यता खूपच जास्त आढळली.

आता एक कल्पित परिचय घेऊ. ‘एम.ए., एम.एड., २६ वर्षांचा अनुभव, कुशल प्रशासक, विद्यार्थ्यांवर पुत्रवत प्रेम करणाऱ्या.’ यातले नाव बदलून कोणाचेही घालता येईल, हीच याची उणीव. त्याऐवजी असे लिहिता येते: ‘बाई आजही आठवड्यातून दोन तास सहावीला गणित शिकवतात. चाचणीत अपूर्णांकांवर निम्मा वर्ग अडखळला, तेव्हा त्यांनी शिक्षकांसोबत सगळे पेपर पुन्हा पाहिले. चूक छेद समान करण्याच्या पायरीत होती, म्हणून तेवढाच भाग पुन्हा शिकवला गेला. निकाल घसरल्याचे पालकसभेत त्यांनी स्वतःहून सांगितले आणि पुढच्या सभेत नवा आकडा फळ्यावर लिहिला. शाळा सुटल्यावर शेवटच्या मुलाला न्यायला कोणी येईपर्यंत त्या फाटकाशी थांबतात.’ पदव्या फोटोखाली एका ओळीत बसतात. ‘प्रेमळ’ हा शब्द कुठेच नाही.

अशा लेखनात एक चूक हमखास होते. आपुलकीचा दाखला शोधताना कोणीतरी लिहून जाते, ‘वडील गेलेल्या एका विद्यार्थ्याची फी त्यांनी भरली.’ नाव दिलेले नसते, पण शाळेत तो मुलगा कोण हे सगळ्यांना ठाऊक असते आणि पुस्तिका त्याच्याही हातात पडते. अशी ओळ छापायच्या आधी बाईंना विचारले, तर बहुधा त्याच ती खोडतील.