पंखा बंद, तरी पट्ट्या का वाजतात?

माहीमला आत्याच्या घरी गेल्या जूनमध्ये सहा इंची एक्झॉस्ट पंखा बदलला. जुना रात्री-बेरात्री खडखडायचा, म्हणून इलेक्ट्रिशियनने सरळ नवा बसवला. आठवडाभर घर शांत होतं. मग जोराच्या वाऱ्याची पहिली रात्र आली आणि नवा पंखाही तसाच वाजायला लागला.

"अरे, बटण बंद असतं," आत्या फोनवर म्हणाली. "पातं हलत नाही. पण मागच्या पट्ट्या टकटक-टकटक, जसं कोणी दार वाजवतंय. तू येऊन बघ बाबा."

बटण बंद असताना वाजतं, हे तिने आपणहून सांगितलं म्हणून बरं झालं. इमारतींच्या वायुवीजनाचं काम करताना मी हाच प्रश्न आधी विचारतो: पंखा चालू असताना वाजतं की बंद असताना? दोन्हींची कारणं वेगळी आणि उपायही वेगळे.

पंख्याच्या मागे, बाहेरच्या तोंडाला, आडव्या पट्ट्यांचं शटर असतं. प्रत्येक पट्टी वरच्या कडेला दोन बारीक खिळ्यांवर टांगलेली असते. पंखा हवा बाहेर ढकलतो तेव्हा पट्ट्या उचलल्या जातात. पंखा थांबला की त्या आपल्या वजनाने खाली येऊन चौकटीला टेकतात आणि बाहेरची हवा आत येऊ देत नाहीत. ना मोटर, ना स्प्रिंग. सगळा कारभार पट्टीच्या वजनावर.

हे वजन किती? दीड मिलिमीटर जाडीची प्लास्टिकची पट्टी घेतली, तर एका चौरस मीटरला साधारण दीड किलो भरतं. आता वाऱ्याकडे बघू. ताशी १८ किलोमीटरचा वारा भिंतीवर अडला की तोही चौरस मीटरला साधारण दीड किलोचाच दाब देतो. समुद्राकाठी पावसाळ्यात हा वारा काही विशेष नाही. वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो, म्हणजे ताशी ३६ किलोमीटरला सहा किलो. आणि लटकती पट्टी थोडीशी उचलायला तिच्या पूर्ण वजनाइतका दाब लागतही नाही. १५ अंश उघडायला वजनाचा चौथा हिस्सा पुरतो.

इथे एक गैरसमज होतो. वारा बाहेरून पट्ट्यांवर आपटतो म्हणून त्या वाजतात, असं वाटतं. पण बाहेरचा वारा पट्टीला चौकटीवर दाबून धरतो, म्हणजे ती अधिक घट्ट बंद होते. ती उघडण्यासाठी आतून रेटा हवा किंवा बाहेरून ओढ हवी. मग पंखा बंद असताना आतून रेटा कुठून येतो?

आत्याचं घर सातव्या मजल्यावर आहे. हॉलची खिडकी पश्चिमेला, थेट समुद्राच्या बाजूला. बाथरूम घराच्या मागच्या अंगाला आणि त्याचा पंखा इमारतीच्या मधल्या डक्टमध्ये उघडतो. रात्री गेलो तेव्हा हॉलची खिडकी सताड उघडी, बाथरूमचं दार उघडं आणि पट्ट्या वाजत होत्या. मी पंख्याला हात न लावता हॉलची खिडकी लावली. आवाज थांबला. खिडकी उघडली, पुन्हा सुरू. मग खिडकी उघडीच ठेवून बाथरूमचं दार ओढून घेतलं, तर एखादी टकटक उरली. शेवटी बंद पंख्यासमोर अगरबत्ती धरली. वाऱ्याचा झोत आला की धूर आडवा होऊन पट्ट्यांकडे जायचा, झोत ओसरला की सरळ वर.

म्हणजे वारा हॉलमधून घरात शिरून बाथरूममार्गे डक्टमध्ये निघत होता. झोत आला की पट्टी उचलली जाते, ओसरला की आपटते. शटरमध्ये दोष नव्हताच. ते एका दिशेची हवा अडवतं आणि दुसऱ्या दिशेची सोडतं. घरातून बाहेर निघालेला वारा नेमका पंख्याच्याच दिशेने चाललेला असतो, त्यामुळे ढकलणारा पंखा आहे की वारा, हे लोंबत्या पट्टीला कळायचं काही साधनच नाही. त्याच जातीचे दहा पंखे बदलले असते तरी ते सगळे वाजले असते.

आत्याने मधल्या काळात एक घरगुती उपाय करून पाहिला होता. पट्ट्यांच्या खालच्या कडेला चिकटपट्टीने नाणी लावली! आवाज खरंच कमी झाला होता, पण आंघोळीनंतर आरशावरची वाफ हटेना. सहा इंची पंख्याची एक पट्टी भरते जेमतेम सहा ग्रॅम. तीन ग्रॅमचं नाणं टोकाला लावलं की उचलायला लागणारा जोर जवळजवळ दुप्पट होतो, कारण ते खिळ्यापासून सगळ्यात लांब असतं. भिंतीतल्या साध्या पात्याच्या पंख्याकडे एवढा राखीव जोर नसतो. तो फिरतो, आवाज करतो, पण हवा कमीच फेकतो. नाणी मी तिथल्या तिथे काढली.

जुना पंखा तिने माळ्यावर ठेवला होता, तोही उतरवला. त्याची कथा निराळी निघाली. पाचपैकी खालच्या दोन पट्ट्या अर्ध्या उघड्या राहून अडकल्या होत्या. खिळ्यांभोवती राखाडी रंगाचा मऊ थर होता: टाल्कम पावडर, टॉवेलचे तंतू, केसांच्या तेलाचा अंश आणि वाफ यांची घट्ट लापशी. सगळ्यात वरच्या पट्टीचं भोक झिजून लांबट झालं होतं, म्हणून ती तिरकी लटकत होती. अर्धवट उघड्या पट्ट्यांमधूनच खालच्या घरातला तळलेल्या बोंबलांचा वास यायचा, ज्याचा दोष आत्या इतके दिवस खिडकीला देत होती.

असं शटर साफ करणं अवघड नाही. मात्र नुसतं बटण बंद करून भागत नाही, एमसीबी पाडायचा. जुन्या वायरिंगमध्ये बटण कधी न्यूट्रलवर जोडलेलं असतं आणि बटण बंद असूनही पंख्यात वीज असते. पंखा आतल्या बाजूने स्क्रू काढून उतरवावा, डक्टमध्ये वाकून हात घालू नये. शटर कोमट पाण्यात भांडी घासायच्या साबणाने भिजवायचं आणि खिळे जुन्या टूथब्रशने घासायचे. तेल मात्र घालू नका. महिन्याभरात त्यावर पुन्हा तोच थर बसतो. वाळल्यावर चौकट उभी धरून प्रत्येक पट्टी बोटाने उचलून सोडा. ती स्वतःहून खाली यायला हवी. रेंगाळली तर पट्टी वाकलेली आहे किंवा भोक झिजलेलं आहे, आणि तिथे साफसफाईचा उपयोग नाही. बसवताना दोऱ्याला नट बांधून ओळंबा लावा. चौकटीचा खालचा भाग आत झुकला असेल, तर पट्टी चौकटीला टेकतच नाही आणि कायम फट राहते.

आता दुसरा आवाज, पंखा चालू असतानाचा. पट्ट्या पूर्ण उघडल्या तर त्या हवेवर स्थिर राहतात. अर्ध्याच उघडल्या तर फडफडतात. याचं एक कारण वर सांगितलेला मळ, पण फ्लॅटमध्ये त्याहून जास्त वेळा सापडणारं कारण म्हणजे बाथरूमचं दार. पंखा जेवढी हवा बाहेर टाकतो तेवढी आत यायला हवी. पाणी बाहेर येऊ नये म्हणून उंबरठा असतो आणि पीव्हीसीचं दार त्यावर घट्ट बसतं. अमेरिकेतल्या एका प्रचलित मानकात लागेल तेव्हा चालवायच्या बाथरूम-पंख्यासाठी ताशी सुमारे ८५ घनमीटर हवा धरतात. पाऊण मीटर रुंद दाराखाली एक सेंटिमीटरची फट असेल, तर एवढी हवा त्यातून ओढायला चौरस मीटरला साधारण दीड किलोइतका ताण लागतो, म्हणजे पट्टीच्या वजनाएवढाच. फट दोन सेंटिमीटर केली की हा ताण चौथ्या हिश्श्यावर येतो. तपासायचं कसं? पंखा चालू ठेवून दार हळूहळू उघडा. दार उघडताच पट्ट्या वर जाऊन फडफड थांबली, तर पंख्याला हात लावू नका. दाराच्या खालच्या भागात जाळी बसवून घ्या.

बाथरूममध्ये गॅस गिझर असेल तर हे सगळं आवाजापुरतं राहत नाही. बंद खोलीत शटर अडकलेलं असेल तर कार्बन मोनॉक्साइड साचतो, आणि दार घट्ट असताना जोराचा पंखा गिझरच्या धुराड्यातला वायू उलट आत ओढू शकतो. तो गिझर बाथरूमच्या बाहेर, मोकळ्या हवेत हलवणं हाच त्यावरचा उपाय.

आत्याच्या घरासाठी मी तीन पर्याय मनात घोळवले. साधं लोंबतं शटर बाद, कारण वरचंच. दुसरा प्रकार स्प्रिंगच्या गोल झडपेचा. हवा बाहेर नेणाऱ्या नळीत दोन अर्धगोल पाकळ्या असतात, स्प्रिंग त्यांना मिटून धरते आणि कडेला मऊ पट्टी असते. ही झडप छान बंद होते. पण वाऱ्याला दाद न देण्याइतकी कडक स्प्रिंग साध्या पात्याच्या पंख्यालाही दाद देत नाही, त्यामुळे तिच्यासोबत नळीत बसणारा, जास्त दाब देणारा पंखा घ्यावा लागतो. आणि माहीमच्या खाऱ्या हवेत साधी पोलादी स्प्रिंग गंजते, तेव्हा ती स्टेनलेस आहे का हे विचारून घ्यायचं. आत्याच्या बाथरूमला फॉल्स सीलिंग नाही, त्यामुळे नळी नेणार कुठून?

तिसरा प्रकार विजेवर उघडणाऱ्या शटरचा. बटण दाबलं की यंत्रणा पट्ट्या उघडते. काही पंख्यांत त्याला थोडे सेकंद लागतात आणि लोक पंखा बिघडला समजतात. बटण बंद केलं की पट्ट्या यंत्रणेनेच मिटून धरलेल्या राहतात, वाऱ्याने आतून कितीही ढकललं तरी. आम्हाला हवं होतं ते हेच. दोरी ओढून उघडायचं शटरही हेच काम स्वस्तात करतं, पण रोज आठवणीने ओढायला हवं, आणि आत्याने त्याला स्वच्छ नकार दिला.

लोहार चाळीच्या इलेक्ट्रिक बाजारात दुकानदाराने खोका उघडून दाखवला, तेव्हा मी मिटलेलं शटर ट्यूबलाइटसमोर धरलं. एका पंख्याच्या पट्ट्यांमधून उजेडाच्या रेघा दिसत होत्या, दुसऱ्याच्या नाही. मग पंख्याची हवा बाहेर निघते त्या दिशेने जोरात फुंकर मारली. पहिल्याच्या पट्ट्या हलल्या, दुसऱ्याच्या जागच्या जागी राहिल्या. मग दुकानदाराला वीज जोडायला लावून उघड-मीट चार वेळा पाहिली. किंमत जुन्या पंख्यापेक्षा बरीच जास्त होती. आत्याने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि पर्स उघडली.

जुलैत पुन्हा गेलो तेव्हा हॉलची खिडकी उघडी होती आणि पडदे छताला भिडत होते. बंद पंख्यासमोर अगरबत्ती धरली. धूर सरळ वर गेला.