एक्सपोर्ट सेटिंग : फ्रेम रेट, रिझोल्यूशन आणि अ‍ॅस्पेक्ट रेशो

संपादन झालेला व्हिडिओ फाइल म्हणून बाहेर काढताना चित्राबाबत तीन गोष्टी ठरवाव्या लागतात. चौकटीच्या रुंदीचे उंचीशी असलेले गुणोत्तर म्हणजे अ‍ॅस्पेक्ट रेशो. त्या चौकटीत आडवे आणि उभे किती पिक्सेल आहेत, हे रिझोल्यूशन सांगते. सेकंदाला किती चित्रे दाखवायची, हा फ्रेम रेट; स्क्रीनवर तो fps असा लिहिलेला असतो. चित्रीकरणात नसलेला तपशील एक्सपोर्टच्या वेळी मिळवता येत नाही, म्हणून आधी मूळ क्लिपचे आकडे पाहावेत.

सुरुवात अ‍ॅस्पेक्ट रेशोपासून करावी, कारण बाकीचे गणित त्यावरच बसते. समजा, क्लिप आडवी म्हणजे १६:९ आहे, रिझोल्यूशन १९२०×१०८० आहे आणि मोबाइलसाठी ९:१६ असा उभा व्हिडिओ हवा आहे. पूर्ण उंची ठेवून क्रॉप केले, तर १९२० पैकी जेमतेम ६०८ पिक्सेल रुंदी हाती लागते. दोन तृतीयांशांहून अधिक चित्र कापले जाते. उरलेला तुकडा १०८०×१९२० च्या चौकटीत भरायला पावणेदोन पटींहून थोडा जास्त मोठा करावा लागतो. केस, पापण्या, बारीक अक्षरे यांच्या कडा मग पुसट दिसतात. हीच क्लिप 4K म्हणजे ३८४०×२१६० मध्ये घेतलेली असती, तर क्रॉपनंतर १२१५×२१६० पिक्सेल उरले असते आणि चित्र उलट किंचित लहान करावे लागले असते. 4K चा खरा उपयोग इथे आहे. १०८० ची क्लिप नुसती 4K म्हणून एक्सपोर्ट केली, तर पिक्सेल चौपट होतात, पण वाढीव पिक्सेल सॉफ्टवेअरने शेजारच्या पिक्सेलवरून अंदाजाने भरलेले असतात.

फ्रेम रेट शक्यतो मूळ क्लिपचाच ठेवावा. ३० fps चे साधे रूपांतर २४ मध्ये केले, की दर पाच फ्रेमपैकी एक गळते. २४ चे ३० केले, की दर चार फ्रेमपैकी एक दोनदा दिसते. बोलणाऱ्या माणसाच्या स्थिर दृश्यात हे सहसा लक्षात येत नाही, पण कॅमेरा डावीकडून उजवीकडे फिरताना चित्र अडखळते. शंका आली तर असे दृश्य एकेक फ्रेम पुढे सरकवून पाहावे. ठरावीक अंतराने एखादी फ्रेम जागची हललीच नाही, तर ती दुसऱ्यांदा आलेली आहे. ६० चे ३० करणे मात्र सोपे, कारण एकाआड एक फ्रेम समान अंतराने वगळली जाते.

यादीत ३० च्या शेजारी २९.९७ दिसते. अमेरिकेत १९५३ मध्ये मंजूर झालेल्या रंगीत टीव्हीच्या मानकातून तो आकडा आला. क्लिप २९.९७ ची असेल तरच तो निवडावा.

मोबाइलवरच्या चित्रीकरणात आणखी एक अडचण असते. अनेक फोन प्रकाशानुसार फ्रेम रेट कमी-जास्त करतात. अशा क्लिपमध्ये सुरुवातीला जुळलेले ओठ आणि आवाज पुढे पुढे फटकत जातात. तसे झाले, तर एक्सपोर्टचा आकडा बदलून भागत नाही. क्लिप आधी स्थिर फ्रेम रेटमध्ये बदलून मगच टाइमलाइनवर घ्यावी लागते.