ऑप्शन ग्रीक्स : डेल्टा, गॅमा, व्हेगा आणि थीटा

ऑप्शनची किंमत मूळ शेअरच्या भावावर, उरलेल्या दिवसांवर आणि शेअर पुढे किती हलेल या बाजाराच्या अंदाजावर ठरते. यातली एक गोष्ट थोडी बदलली आणि बाकीच्या जागच्या जागी राहिल्या, तर ऑप्शनची किंमत किती बदलेल हे सांगणाऱ्या आकड्यांना ‘ग्रीक्स’ म्हणतात. डेल्टा शेअरच्या भावाशी बांधलेला असतो, थीटा दिवसांशी आणि व्हेगा अस्थिरतेच्या अंदाजाशी. गॅमा मात्र ऑप्शनच्या किमतीतला बदल थेट सांगत नाही. भाव हलला की डेल्टा स्वतः किती बदलेल, हे तो सांगतो. (‘व्हेगा’ नावाचे अक्षर ग्रीक वर्णमालेत नाही. तरी नाव रुळले आहे.) हे आकडे काढण्याची आजची रीत ब्लॅक, शोल्स आणि मर्टन यांनी १९७३ मध्ये मांडलेल्या गणितातून आली.

पुस्तकात चार ग्रीक्सच्या चार व्याख्या वेगवेगळ्या भेटतात. पोझिशन सांभाळताना ती चार खाती राहत नाहीत. विशेषतः गॅमा आणि थीटा हे एकाच व्यवहाराचे दोन अंग आहेत, आणि ते कसे हे एका उदाहरणात नीट दिसते.

शेअर १०० वर आहे. १०० ला शेअर घेण्याचा हक्क देणाऱ्या, म्हणजे १०० स्ट्राइकच्या, ३० दिवसांनी संपणाऱ्या कॉलमध्ये २० टक्के वार्षिक अस्थिरता धरलेली आहे. भावात दडलेल्या या अंदाजाला बाजारात आयव्ही म्हणतात. व्याज शून्य मानले तर या कॉलचा प्रीमियम २.२९ च्या आसपास येतो. डेल्टा ०.५११, गॅमा ०.०७०, एका दिवसाचा थीटा उणे ०.०३८ आणि आयव्हीच्या एका टक्क्यामागे व्हेगा ०.११४. समजा, एकाने १००० शेअर्सइतके असे कॉल विकले. विकणाऱ्याची चिन्हे उलटी होतात. भाव १ ने वाढला की त्याचे साधारण ५११ जातात, आयव्ही १ टक्का चढली की ११४ जातात आणि शांतपणे एक दिवस सरला की ३८ जमा होतात.

त्याला शेअर वर जाईल की खाली, यावर पैज लावायची नाही. त्याला रोजचे ३८ हवे आहेत. म्हणून हेज करायला, म्हणजे भावाची जोखीम झाकायला, तो ५११ शेअर विकत घेतो. आता विकलेल्या कॉलचा उणे ५११ आणि शेअर्सचा अधिक ५११ एकमेकांना खातात आणि पोझिशन डेल्टा न्यूट्रल होते. पण ही न्यूट्रल अवस्था फक्त १०० या भावाला आहे. भाव हलला की कॉलचा डेल्टा बदलतो, हातातले शेअर मात्र तेवढेच राहतात.

दुसऱ्या दिवशी शेअर १०३ वर गेला. कॉल आता ४.०९ चा झाला, म्हणजे विकलेल्या बाजूला १८०२ चा तोटा. शेअर्सवर १५३३ चा नफा. थीटाची कमाई यातच धरलेली आहे, तरी निव्वळ तोटा २६९. गॅमावरूनही हा आकडा अंदाजे येतो : गॅमाच्या निम्म्याला हालचालीच्या वर्गाने गुणले की ३१३ जातात, त्यातून थीटाचे ३८ परत येतात, उरतात २७५. थोडा फरक राहतो, कारण वाटेत गॅमाही बदलत गेला. इथे वर्ग महत्त्वाचा आहे. १ च्या हालचालीला गॅमा ३५ नेतो, २ च्या हालचालीला १३९ आणि ३ च्या हालचालीला ३१३. भाव खाली आला असता तरी हिशेब जवळपास हाच राहिला असता, कारण वर्गाला दिशा नसते.

१०३ वर कॉलचा डेल्टा ०.७१ झालेला आहे. पुन्हा न्यूट्रल व्हायचे तर आणखी १९९ शेअर १०३ च्या भावाने घ्यावे लागतात. तिसऱ्या दिवशी शेअर परत १०० वर आला. कॉल २.२१ ला उतरला. ७१० शेअर्सवर २१३० गेले, कॉलवर १८७९ परत मिळाले, म्हणजे आणखी २५१ चा तोटा. दोन दिवसांत भाव होता तिथेच आला, कॉल आधीपेक्षा स्वस्त झाला आणि तरीही हेज करणाऱ्याचे ५२० गेले! ज्याने १९९ शेअर घेतलेच नाहीत, तो ७७ ने फायद्यात राहिला.

यावरून हेज करणेच चूक, असा निष्कर्ष घाईने काढला जातो. तो बरोबर नाही. १०३ नंतर शेअर १०६ वर गेला असता, तर ते १९९ शेअर नसल्याचा फटका बसला असता. खरी गोष्ट अशी की गॅमा विकलेल्याला हेज राखण्यासाठी नेहमी चढल्यावर घ्यावे लागते आणि उतरल्यावर विकावे लागते. घेणाऱ्याचे उलट : तो चढल्यावर विकतो, उतरल्यावर घेतो आणि प्रत्येक हेलकाव्यातून थोडे थोडे काढतो. या सोयीबद्दल घेणारा रोज जे भाडे देतो, तो थीटा. भाडे किती, हे मनाने ठरत नाही. व्याज शून्य असताना मूळ सूत्र असे आहे :

```
Θ + ½ σ² S² Γ = 0
```

इथे Θ हा थीटा, σ अस्थिरता, S शेअरचा भाव आणि Γ गॅमा. म्हणजे गॅमा जितका मोठा, तितका थीटा मोठा. एक फुकट मिळवून दुसरा टाळता येत नाही. यातूनच रोजच्या कामाचा सर्वांत उपयोगी आकडा निघतो. शेअर दिवसात किती हलला, तर गॅमाचा तोटा थीटाच्या कमाईइतका होईल? आपल्या उदाहरणात उत्तर १.०५ येते, आणि २० टक्के वार्षिक अस्थिरतेला ३६५ च्या वर्गमुळाने भागले तरी तेच येते. या मर्यादेच्या आत दिवस गेला तर विकणारा कमावतो, बाहेर गेला तर घेणारा. ३ ची हालचाल त्या मर्यादेच्या जवळजवळ तिप्पट होती. तिने आठवड्याचे भाडे एका दिवसात खाल्ले. म्हणून स्क्रीनवर थीटा हिरव्या रंगात दिसला की त्याला उत्पन्न समजणे धोक्याचे. ती जोखमीची किंमत आहे, आणि ती पुरेशी आहे की नाही हे शेअर प्रत्यक्षात किती हलतो त्यावर ठरते.

आतापर्यंत आयव्ही २० वरच धरली होती. व्हेगा इथे येतो. १०३ वरच्या त्या संध्याकाळी बाजार बिथरला आणि आयव्ही २० वरून २३ वर गेली, असे समजा. त्या भावाला व्हेगा ९९ आहे, म्हणजे आणखी सुमारे ३०० चा तोटा, गॅमाच्या तोट्याइतकाच. पण दोघांचे स्वरूप वेगळे आहे. गॅमाचा तोटा प्रत्यक्ष घडलेल्या हालचालीचा असतो, तो झाला की झाला. व्हेगाचा तोटा पुढच्या हालचालीबद्दल बाजाराने बदललेल्या मताचा असतो. आयव्ही परत २० वर आली तर तो भरून निघतो. एक्स्पायरीपर्यंत पोझिशन धरली तर अखेर हिशेब प्रत्यक्ष हालचालींचाच होतो. मात्र मधल्या काळात मार्जिन, म्हणजे ठेवावी लागणारी अनामत रक्कम, वाढते, आणि पुष्कळ पोझिशन्स चुकीच्या अंदाजाने नव्हे तर मार्जिन संपल्याने बंद होतात. निकालासारख्या ठरलेल्या घटनेआधी ऑप्शन घेणाऱ्याला याची दुसरी बाजू भेटते : दिशा बरोबर ठरते, शेअर चढतोही, पण घटना उरकताच आयव्ही कोसळते आणि व्हेगा डेल्टाची कमाई गिळतो.

गॅमा जवळच्या एक्स्पायरीचा असतो, व्हेगा लांबच्या. याच शेअरवरच्या एक वर्षाच्या, १०० स्ट्राइकच्या कॉलचा गॅमा फक्त ०.०२० आहे, तर व्हेगा ०.३९७. यातून एक फसवी सोय सुचते. विकलेल्या एक महिन्याच्या कॉलचा व्हेगा उणे ११४ आहे. वर्षाचे २८८ कॉल घेतले की व्हेगाची बेरीज शून्य. स्क्रीनवर सगळे नीटनेटके दिसते. पण गॅमा उणे ७० वरून जेमतेम उणे ६४ वर येतो, म्हणजे मोठ्या हालचालीची जोखीम जवळपास तशीच राहते. शिवाय घबराट झाली की जवळच्या एक्स्पायरीची आयव्ही लांबच्यापेक्षा बरीच जास्त उसळते. विकलेल्या बाजूला ५ टक्के आणि घेतलेल्या बाजूला २ टक्के वाढ झाली, तर ‘शून्य’ व्हेगावरही सुमारे ३४२ जातात. एकाच शेअरचे डेल्टा निर्धास्त बेरजेला घ्यावेत. वेगवेगळ्या महिन्यांचे व्हेगा एका ओळीत मांडून बेरीज करू नये.

एक्स्पायरीच्या आदल्या दिवशी हे आकडे आणखी वेगळे वागतात. शेअर १०० वरच असेल तर एक दिवस उरलेल्या कॉलचा गॅमा ०.३८ होतो, महिनाभर आधीच्या पाचपटीहून अधिक. भाव १ ने हलला की डेल्टा ०.५० वरून ०.८३ वर जातो आणि हेज दिवसभर मागे धावत राहतो. थीटाही इथे चकवतो. कॉलची किंमत ०.४२ असते आणि सूत्राने काढलेला थीटा ०.२१ दाखवतो. भाव हलला नाही तर उद्या प्रत्यक्षात ०.४२ पूर्ण जातात. कारण थीटा हा त्या क्षणाचा वेग आहे, आणि ॲट द मनी, म्हणजे भाव स्ट्राइकवरच असलेल्या, ऑप्शनची किंमत उरलेल्या वेळेच्या वर्गमुळाप्रमाणे उतरते. शेवटाकडे उतार सतत तीव्र होत जातो. काही सॉफ्टवेअर क्षणाचा वेग देतात, काही उद्याची किंमत काढून आजच्यातून वजा करतात. काही ३६५ दिवसांनी भागतात, काही फक्त व्यवहाराच्या दिवसांनी. महिनाभर आधी हा फरक जाणवत नाही, शेवटच्या आठवड्यात दोन स्क्रीनवर दोन उत्तरे दिसतात आणि दोन्ही आपापल्या जागी बरोबर असतात.

सगळे ग्रीक्स ‘थोडासा बदल’ गृहीत धरतात. बाजार बंद असताना बातमी आली आणि शेअर १०० वरून थेट ९० वर उघडला, तर मधल्या कुठल्याच भावाला हेज सुधारता येत नाही. तिथे गॅमाचा वर्गही अंदाज देत नाही, कारण १०० वरचा गॅमा ९० वर उरलेलाच नसतो. कॉल विकणाऱ्याचा खरा तोटा वर्गाच्या अंदाजापेक्षा बराच कमी येतो, तर खालच्या स्ट्राइकचे पुट, म्हणजे ठरल्या भावाला शेअर विकण्याचा हक्क, विकणाऱ्याचा किती तरी जास्त. १९ ऑक्टोबर १९८७ रोजी अमेरिकेचा डाऊ जोन्स निर्देशांक एका दिवसात २२.६ टक्के कोसळला. त्यानंतर निर्देशांकाचे खालच्या स्ट्राइकचे पुट वरच्या स्ट्राइकच्या ऑप्शनपेक्षा जास्त आयव्हीने विकले जाऊ लागले आणि तो तिरकेपणा आजही टिकून आहे. त्यामुळे निर्देशांकात भाव पडणे आणि आयव्ही चढणे सहसा एकत्रच घडते, आणि डेल्टा काढताना धरलेले ‘बाकीचे जागच्या जागी’ हे कलम तिथे खरे ठरत नाही. मोठ्या पोझिशन्स सांभाळणारे म्हणून ग्रीक्सच्या शेजारी एक तक्ता ठेवतात : भाव ५ आणि १० टक्के वर-खाली, आयव्ही ५ आणि १० टक्के वर-खाली, आणि प्रत्येक जोडीला संपूर्ण पोझिशनची किंमत नव्याने काढलेली. वरच्या उदाहरणातल्या विकणाऱ्याला पहिल्याच संध्याकाळी त्या तक्त्यात १०५ आणि २५ च्या खान्यात सुमारे १२०० चा तोटा दिसला असता, रोजच्या ३८ च्या तीसपटीहून अधिक.