अडीच सेंटिमीटरची गाठ आणि आठ सेंटिमीटरची गाठ

समजा, दोन बहिणी आहेत. थोरली ४४ वर्षांची, धाकटी ३४ची. दोघींच्याही सोनोग्राफीच्या रिपोर्टवर ‘फायब्रॉइड’, म्हणजे गर्भाशयातली गाठ, असाच शब्द. थोरलीची गाठ ८ सेंटिमीटरची, धाकटीची जेमतेम अडीच. घरातल्या सगळ्यांना काळजी थोरलीची. पण हिमोग्लोबिन साडेसातवर आलंय ते धाकटीचं.

हे असं होतं, कारण गाठ किती मोठी आहे यापेक्षा ती गर्भाशयात कुठे आहे हे जास्त महत्त्वाचं असतं. गर्भाशय ही जाड भिंतीची पिशवी आहे, आणि तिच्या आतल्या पोकळीला जे अस्तर असतं तेच दर महिन्याला पाळीत गळून पडतं. धाकटीची गाठ या अस्तराखाली आहे आणि पोकळीत डोकावते. तिला सबम्युकोसल म्हणतात. तिच्यामुळे अस्तर ताणलं जातं आणि पाळीत रक्त थांबत नाही. दर एक-दोन तासांनी पॅड बदलावं लागतं, गुठळ्या पडतात. गर्भ रुजायचा तो याच अस्तरात, म्हणून दिवस न राहणं किंवा गर्भपात होणं, हेही या गाठीमुळे होऊ शकतं.

थोरलीची गाठ भिंतीच्या बाहेरच्या बाजूला, म्हणजे सबसीरोसल. अस्तराशी तिचा संबंध नाही, त्यामुळे पाळी पूर्वीसारखीच. पण गाठ पुढच्या बाजूला असल्याने मूत्राशयावर दाब येतो आणि रात्रीतून तीनदा उठावं लागतं. तीच गाठ मागे असती तर बद्धकोष्ठता किंवा कंबरदुखी झाली असती. थोरलीला उद्या भरपूर रक्तस्राव सुरू झाला, तर या गाठीवर खापर फोडून थांबू नये. दुसरं कारण शोधायला हवं.

(तिसरी जागा म्हणजे भिंतीच्या आतच. तिला इंट्राम्युरल म्हणतात. ती मोठी झाली की दोन्हीकडचे त्रास देते.)

रिपोर्टवर ‘फिगो टाइप’, म्हणजे गाठीची जागा सांगणारा क्रमांक, लिहिलेला असेल तर आधी तो पाहावा. ० ते २ म्हणजे पोकळीत डोकावणारी, ३ आणि ४ भिंतीतली, ५ ते ७ बाहेरच्या बाजूची. धाकटीची टाइप १ आहे, म्हणजे निम्म्याहून जास्त भाग पोकळीत. थोरलीची टाइप ५.

आता उपचार. ट्रानेक्झॅमिक ॲसिडच्या गोळ्या पाळीच्या चार-पाच दिवसांत रक्तस्राव कमी करतात, पण गाठीला हात लावत नाहीत. म्हणून धाकटीला त्यांचा तात्पुरता उपयोग आहे, आणि थोरलीला काहीच नाही. हार्मोन सोडणारी कॉपर-टीसारखी कॉइलही रक्तस्राव कमी करते. मात्र पोकळीचा आकार बिघडलेला असेल तर ती निसटून पडण्याची शक्यता वाढते, आणि धाकटीला तर मूल हवंय. पाळीचे हार्मोन दाबणाऱ्या जीएनआरएच गटातल्या इंजेक्शनांनी गाठ खरंच आक्रसते. पण औषध थांबवलं की ती पुन्हा वाढते, आणि नुसतं इंजेक्शन फार महिने घेतलं तर हाडं ठिसूळ होतात. त्यामुळे बहुतेक वेळा ती ऑपरेशनच्या आधी हिमोग्लोबिन सुधारायला वेळ मिळावा म्हणून देतात.

धाकटीसाठी मायोमेक्टॉमी, म्हणजे फक्त गाठ काढणं, हाच सरळ मार्ग. तिच्या बाबतीत पोटावर छेद लागतच नाही. योनीमार्गाने दुर्बीण आत घालून गाठ खरवडून काढतात. ‘दुर्बिणीचं ऑपरेशन’ म्हटलं की पोटावरची तीन-चार भोकंही असू शकतात, म्हणून दुर्बीण पोटातून जाणार की खालून, हे डॉक्टरांना स्पष्ट विचारावं. आधी लोह देऊन रक्त वाढवायचं, मग ऑपरेशन.

थोरलीला आणखी मूल नको आणि ऑपरेशनही नको, तर तिच्यासाठी एम्बोलायझेशनचा विचार होतो. मांडीच्या किंवा मनगटाच्या रक्तवाहिनीतून बारीक नळी गर्भाशयाच्या रोहिणीपर्यंत नेतात आणि बारीक कण सोडून गाठीचा रक्तपुरवठा तोडतात. पहिले एक-दोन दिवस पोट चांगलंच दुखतं, थोडा ताप येतो. काही महिन्यांत गाठ साधारण निम्मी होते, पण ती आकारमानाने. म्हणजे ८ सेंटिमीटरची ४ होत नाही, सव्वासहाच्या जवळ येते. दाब कमी व्हायला बहुतेकींना तेवढं पुरतं. थोरलीची गाठ पातळ देठावर लोंबणारी, टाइप ७ असती, तर मात्र बहुतेक डॉक्टरांनी ती काढायलाच सांगितलं असतं.

मग धाकटीला एम्बोलायझेशन का नको? पोकळीतली मेलेली गाठ सुटून काही आठवड्यांनी खालून बाहेर पडू शकते, कधी अडकते, संसर्गही होतो. शिवाय मूल हवं असेल तर साधारणपणे मायोमेक्टॉमीलाच पसंती दिली जाते, कारण या उपचाराचा अंडाशयावर आणि पुढच्या गरोदरपणावर परिणाम होऊ शकतो.

थोरलीला आणखी एक पर्यायही आहे: रात्री तीनदा उठणं सोसवत असेल, तर काहीच न करणं. पाळी गेली की अशा गाठी बहुधा आपोआप आक्रसतात. पण पाळी गेल्यानंतर गाठ वाढायला लागली, तर थांबू नये, लगेच तपासणी करावी.