रेषा चढते, स्तंभ उभा असतो: टास्क १ मधला लाइन ग्राफ आणि बार चार्ट

आयईएलटीएस अ‍ॅकॅडमिकच्या रायटिंग टास्क १ मध्ये समोर आलेल्या आलेखाचं वर्णन इंग्रजीत किमान १५० शब्दांत करायचं असतं आणि त्याला साधारण २० मिनिटं द्यायची असतात. लाइन ग्राफ आला की बऱ्याच जणांना हायसं वाटतं, कारण 'राइझ', 'फॉल', 'पीक' ही क्रियापदं पाठ असतात. बार चार्ट आला की तीच क्रियापदं तिथेही वापरली जातात. वाक्य व्याकरणात चोख असतं, पण चार्टमध्ये जे घडलेलंच नाही ते सांगून बसतं.

म्हणून पेन उचलण्याआधी आडव्या अक्षावर काय लिहिलंय ते वाचायचं. तिथे वर्षं, महिने किंवा तास असतील तर एकच गोष्ट काळाबरोबर बदलते आहे, आणि बदलाची क्रियापदं चालतात. तिथे वयोगट, विषय किंवा देश असतील तर वेगवेगळ्या गोष्टी एकाच वेळी शेजारी शेजारी उभ्या आहेत. त्यांच्यात बदल नसतो, फरक असतो.

उदाहरणासाठी एक काल्पनिक बार चार्ट घेऊ. चार वयोगट आठवड्याला किती तास वाचतात ते त्यात आहे: १८ ते २५ वयाचे ४ तास, २६ ते ४५ चे ३, ४६ ते ६० चे ६ आणि त्यापुढचे ९ तास. डोळा डावीकडून उजवीकडे सरकतो आणि हाताला सवयीचं वाक्य सुचतं: 'रीडिंग टाइम फेल टू ३ अवर्स अँड देन रोझ शार्पली टू ९'. हे वाचणाऱ्याला वाटेल की वाचन आधी घटलं आणि मग झपाट्यानं वाढलं. प्रत्यक्षात कोणाचंच वाचन घटलं किंवा वाढलं नाही, ही चार वेगळी माणसं आहेत. स्तंभांची जागा बदलून पाहा. ९ चा स्तंभ आधी ठेवला तर हेच वाचन 'घटलं' म्हणावं लागेल. स्तंभांचा क्रम बदलल्यावर जे वाक्य उलटतं, ते बार चार्टमध्ये लिहायचं नाही.

या चार्टचं खरं वाक्य असं होईल: 'पीपल ओव्हर ६० स्पेंट ९ अवर्स रीडिंग, थ्री टाइम्स अ‍ॅज लाँग अ‍ॅज दोज एज्ड २६ टू ४५'. इथे काम तुलनेचे शब्द करतात: 'हायर दॅन', 'कम्पेअर्ड विथ', 'ट्वाइस अ‍ॅज मच अ‍ॅज', आणि गटाचं नाव घेताना 'अमंग'. 'द फिगर वॉज हायेस्ट अमंग द ओव्हर-६०ज' हे साधं वाक्य पुरेसं आहे. वय हा चढता क्रम आहे, त्यामुळे 'रीडिंग टेंडेड टू इन्क्रीज विथ एज' असं म्हणता येतं, कारण तिथे 'विथ एज' वाढ कशाबरोबर ते स्पष्ट करतो. मात्र आपल्या चार्टमध्ये ४ नंतर ३ आलेत, म्हणून 'टेंडेड टू' सोडून चालणार नाही. विषय किंवा देशांना असा क्रमही नसतो, तिथे ही सवलत नाही.

आता लाइन ग्राफ. हाही काल्पनिकच. एका वाचनालयातून दर महिन्याला किती पुस्तकं घरी नेली जातात त्याची रेषा आहे: २००० मध्ये २००, २००८ मध्ये २४०, २०१२ मध्ये ४८०, २०१६ पर्यंत तेवढीच, आणि २०२० मध्ये ३६०. इथे रेषा खरंच चालते आहे, आणि ती चार तुकड्यांत चालते: हळू चढ, उसळी, सपाट भाग, उतार. एवढंच सांगायचं आहे.

पहिला तुकडा: 'द नंबर ऑफ लोन्स रोझ ग्रॅज्युअली फ्रॉम २०० टू २४० बिटवीन २००० अँड २००८'. दुसरा: 'इट देन डबल्ड, रीचिंग अ पीक ऑफ ४८० इन २०१२'. तिसरा: 'इट रिमेन्ड अ‍ॅट धिस लेव्हल अंटिल २०१६'. चौथा: 'बिफोर फॉलिंग बाय अ क्वार्टर टू ३६० इन २०२०'. ४८० मधून १२० गेले, म्हणजे बरोबर चौथा भाग. आकडे असे भागात सांगता आले की वाचणाऱ्याला प्रमाण कळतं.

यात कर्ता 'नंबर' आहे, पुस्तकं नाहीत. आपण सर्रास 'पेट्रोल वाढलं' म्हणतो आणि ऐकणाऱ्याला भाव वाढल्याचं कळतं. इंग्रजीत मात्र 'प्राइस', 'नंबर', 'प्रपोर्शन' असं वाढणाऱ्या मोजमापाचं नाव घ्यावं लागतं. 'राइझ' आणि 'रेझ' यांचा गोंधळही मराठीच्या आधारानं सुटतो: 'राइझ' म्हणजे वाढणं, 'रेझ' म्हणजे कुणीतरी वाढवणं. आलेखातली संख्या स्वतः वाढते, म्हणून 'रोझ'. 'वॉज रोझ' किंवा 'वॉज इन्क्रीज्ड' लिहायचं नाही.

सगळ्यात जास्त नुकसान दोन छोट्या शब्दांमुळे होतं. 'रोझ बाय २४०' म्हणजे २४० ने वाढली. 'रोझ टू २४०' म्हणजे वाढून २४० झाली. २००८ नंतरच्या चार वर्षांत आपली रेषा २४० ने वाढली आणि ४८० वर गेली, म्हणून 'बाय २४०' आणि 'टू ४८०' ही दोन्ही खरी आहेत. 'बाय ४८०' लिहिलं तर ती ७२० वर पोहोचल्याचा अर्थ होतो, आणि मग आकडाच चुकला. चूक कुठून येते तेही पाहण्यासारखं आहे. मराठीतलं 'पर्यंत' संख्येलाही चालतं आणि वेळेलाही: ४८० पर्यंत, २०१६ पर्यंत. इंग्रजीत हे दोन शब्द आहेत. संख्येला 'टू', वेळेला 'अंटिल' किंवा 'टिल'. त्यामुळे 'इन्क्रीज्ड टिल ४८०' हे वाक्य उत्तरपत्रिकांत दिसतं, आणि ते चूक आहे.

'बाय' आणखी एका जागी फसवतो. 'डबल्ड बाय २०१२' यात 'बाय' म्हणजे २०१२ येईपर्यंत. वर्षापुढचा 'बाय' मुदत सांगतो, संख्येपुढचा 'बाय' फरक. शेजारी काय आहे ते पाहिलं की उलगडा होतो.

क्रियापदाऐवजी नाम वापरलं की जोडणारे शब्दही बदलतात. 'संख्येत ४० ची वाढ' हे आपलंच वाक्य घ्या. यातलं 'ची' म्हणजे 'ऑफ', 'त' म्हणजे 'इन': 'अ राइझ ऑफ ४० इन द नंबर ऑफ लोन्स'. क्रियाविशेषण असेल ते विशेषण होतं, म्हणजे 'रोझ ग्रॅज्युअली' चं 'अ ग्रॅज्युअल राइझ'. 'ऑफ' चे दोन अर्थ मात्र वेगळे ठेवावे लागतात. 'अ राइझ ऑफ ४०' मध्ये ४० हा बदल आहे, 'अ पीक ऑफ ४८०' मध्ये ४८० ही पातळी आहे. क्रियापदाला पातळी 'अ‍ॅट' नं जोडतात: 'पीक्ड अ‍ॅट', 'स्टुड अ‍ॅट', 'रिमेन्ड अ‍ॅट'. वरखाली होणाऱ्या रेषेला 'फ्लक्चुएटेड बिटवीन ४० अँड ५०' किंवा 'अराउंड ४५'.

बार चार्टमध्ये 'बाय' असतो, पण काम वेगळं. 'एक्सीडेड द यंगेस्ट ग्रुप बाय ५ अवर्स' म्हणजे दोन स्तंभांच्या उंचीतला फरक. लाइन ग्राफमधला 'बाय' एकाच रेषेच्या दोन वेळांतलं अंतर मोजतो, बार चार्टमधला दोन गटांतलं. दोन्हीकडे अर्थ 'ने' च आहे, फक्त मोजपट्टी कुठे लावायची ते बदलतं.

क्रियाविशेषणांची निवड पाठांतरापेक्षा एका प्रश्नानं होते: या शब्दाला वेळ लागतो का? 'ग्रॅज्युअली', 'स्टेडिली', 'रॅपिडली', 'शार्पली' यांना लागतो, कारण ते बदल किती वेगानं किंवा कसा झाला ते सांगतात. 'स्लाइटली', 'कन्सिडरेबली', 'सिग्निफिकंटली' फक्त किती ते सांगतात. दुसरी टोळी दोन्हीकडे चालते. 'रोझ स्लाइटली' ठीक, 'स्लाइटली लोअर दॅन' ही ठीक. पहिली टोळी मात्र वेळ नसलेल्या बार चार्टमध्ये विसंगत वाटते. 'ग्रॅज्युअली हायर दॅन द अदर ग्रुप' याचा काहीच अर्थ लागत नाही. आपल्या चार्टमध्ये ४ आणि ३ यांतला फरक 'स्लाइटली', ९ आणि ३ यांतला 'कन्सिडरेबली'. 'ड्रॅमॅटिकली' मात्र जपून वापरावा. २०० चे २४० झाले तिथे तो हास्यास्पद दिसतो, आणि ज्यांना शब्द जड घालायची सवय असते ते नेमका तिथेच घालतात. चार वर्षांत दुप्पट झालेली रेषा त्याला शोभते.

टक्क्यांच्या आलेखात आणखी एक खड्डा आहे. प्रमाण २०% वरून ३०% झालं तर ती १० पर्सेंटेज पॉइंटची वाढ आहे, १०% ची नाही. २० च्या तुलनेत १० म्हणजे ५०% वाढ झाली. 'बाय १० पर्सेंट' लिहिलं तर काटेकोर अर्थानं २०% चे २२% होतात. खात्री नसेल तर 'फ्रॉम २०% टू ३०%' लिहावं, तिथे गफलत होतच नाही.

आणि मधली पायरी: स्तंभांखाली वर्षं असलेला बार चार्ट, उदाहरणार्थ १९९०, २०००, २०१०. इथे 'रोझ' चालतं, कारण काळ आहे. तरी दोन स्तंभांमध्ये काय झालं ते चार्ट दाखवत नाही. १९९० चा ५० आणि २००० चा ८० असेल तर मधे ती संख्या १०० वर जाऊन परतली असेल, किंवा नसेलही. म्हणून 'वॉज हायर इन २००० दॅन इन १९९०' किंवा 'रोझ फ्रॉम ५० टू ८०' पर्यंत थांबायचं. 'स्टेडिली' लिहायला आधार नाही, 'फ्लक्चुएटेड' लिहायला तर नाहीच. अशा चार्टमध्ये प्रत्येक वर्षाखाली दोन-तीन रंगांचे स्तंभ असतील तर वर्षावर्षातला बदल सांगताना रेषेचे शब्द, आणि एकाच वर्षातले रंग एकमेकांशी ताडताना 'दॅन' चे शब्द.